हातच्याचं सर्किट आणि नँडचा हिशेब

अठ्ठावन्न अधिक सत्तावीस. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. बेरीज करणाऱ्या चिपलाही हा हातचा सांभाळावा लागतो, फक्त तिच्याकडे ० आणि १ हे दोनच अंक असतात. त्यामुळे एका घरात बेरजेला तीन गोष्टी येतात: पहिल्या संख्येचा अंक A, दुसरीचा अंक B आणि मागच्या घरातून आलेला हातचा C. या तिघांपैकी किमान दोन जण १ असले, तर पुढच्या घरात हातचा जातो. नियम एवढाच आहे. या एका नियमासाठी किती गेट लागतात आणि किती वाचवता येतात, ते पाहू.

तीन अंकांच्या आठ जुळण्या होतात. त्यातल्या चार जुळण्यांत हातचा निघतो: कोणतेही दोन अंक १ असण्याच्या तीन, आणि तिन्ही १ असण्याची एक. प्रत्येक जुळणीसाठी एक गुणाकार लिहायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. इंजिनिअरिंगची मुलं याला एसओपी, म्हणजे ‘सम ऑफ प्रॉडक्ट्स’ म्हणतात. इथे गुणाकार म्हणजे ‘अँड’ (सगळे हवेत), बेरीज म्हणजे ‘ऑर’ (एक असला तरी पुरे), आणि अक्षरावरची ′ ही खूण म्हणजे ‘उलट’:

```
F = A′BC + AB′C + ABC′ + ABC
```

हे जसंच्या तसं जोडायचं, तर अक्षरं उलटी करायला तीन इन्व्हर्टर लागतात. (वीज गेल्यावर घरात चालतो तो नव्हे, हा फक्त ० चा १ आणि १ चा ० करतो.) शिवाय तीन इनपुटचे चार अँड आणि चार इनपुटचा एक ऑर. एकूण ८ गेट. पण नुसती गेट मोजून खर्च कळत नाही, कारण दोन इनपुटचं गेट आणि आठ इनपुटचं गेट यांची किंमत सारखी नसते. म्हणून इनपुटही मोजतात: इन्व्हर्टरची ३, अँडची १२ आणि ऑरची ४ मिळून १९.

पहिली मोठी बचत नँडचा विषय निघण्याआधीच होते. ABC हा गुणाकार हव्या तितक्या वेळा लिहिला तरी उत्तर बदलत नाही, म्हणून तो तीनदा लिहून उरलेल्या प्रत्येकाशी त्याची जोडी लावायची. A′BC आणि ABC एकत्र आले की A असो वा नसो, काही फरक पडत नाही, उरतं BC. तसंच बाकीच्यांचं होतं:

```
F = AB + BC + CA
```

आता उलटं अक्षर एकही नाही. दोन इनपुटचे तीन अँड आणि तीन इनपुटचा एक ऑर, म्हणजे ४ गेट आणि ९ इनपुट. चार गेट आणि दहा इनपुट वाचले, आणि ते केवळ कागदावर.

आता नँड. अँडचं उत्तर उलटं केलं की नँड. सगळी इनपुट १ असतील तेव्हाच तो ० देतो, नाहीतर १. या एकाच गेटमधून बाकी सगळी गेट बनवता येतात. हेन्री शेफर यांनी १९१३ साली अशा एकाच क्रियेवर तर्कशास्त्र उभं करता येतं हे प्रसिद्ध केलं. चार्ल्स पर्स यांना ते त्याआधीच उमगलं होतं, पण त्यांची टिपणं तेव्हा छापली गेली नाहीत. नँडची दोन्ही इनपुट एकत्र बांधली की इन्व्हर्टर होतो. नँडच्या मागे असा इन्व्हर्टर लावला की अँड. आणि प्रत्येक इनपुट आधी उलटं करून नँडला दिलं की ऑर.

या पाककृती पाठ करून आपलं सर्किट बदलायला बसलो, तर खर्च फुगतो. तीन अँडचे सहा नँड होतात. ऑरसाठी तीन इन्व्हर्टर आणि एक तीन इनपुटचा नँड, म्हणजे आणखी चार. एकूण १० गेट, आणि इन्व्हर्टरही दोन पाय बांधलेले नँडच असल्यामुळे २१ इनपुट. चाराच्या जागी दहा.

पण त्या तारांवरून एकदा बोट फिरवून पाहा. प्रत्येक अँडच्या शेवटी एक इन्व्हर्टर आहे आणि लगेच पुढे ऑरच्या तोंडाशी दुसरा. उलटं करून पुन्हा उलटं केलं, म्हणजे काहीच केलं नाही. अशा तीन जोड्या आहेत. सहाही इन्व्हर्टर काढून टाकता येतात. उरतात पुढे तीन नँड आणि शेवटी एक:

```
F = ( (AB)′ · (BC)′ · (CA)′ )′
```

पुन्हा ४ गेट आणि ९ इनपुट. दहाच्या तुलनेत ६ गेट आणि १२ इनपुट वाचले. काही पुस्तकांत इन्व्हर्टरचं एकच इनपुट धरतात. मग आधीची इनपुट १५ आणि बचत ६ निघते. परीक्षेतले बरेच वाद याच एका मुद्द्यावरून होतात, तेव्हा मोजण्याआधी पद्धत ठरवून घ्यावी.

यामागचा नियम ऑगस्टस द मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. हे इंग्रज गणिती १८०६ साली आपल्याकडे मदुराईत जन्मले. साध्या भाषेत सांगायचं, तर शेवटचा नँड एखादं तरी इनपुट ० झालं की १ देतो. आणि पुढचा नँड आपला गुणाकार पूर्ण झाला की नेमका ० देतो. दोन्ही उलटेपणा एकमेकांना फेडतात. म्हणून कोणत्याही एसओपी सर्किटमधले अँड आणि ऑर काढून, तारा न हलवता, त्या जागी नँड बसवता येतात.

याला एक अपवाद आहे आणि तो हमखास चकवतो. समजा, दुकानाची घंटा रात्र (A) असताना दार उघडलं (B) तर वाजावी, किंवा कोणीही धोक्याचं बटण (C) दाबलं तर वाजावी: AB + C. अँड-ऑरमध्ये याला २ गेट आणि ४ इनपुट लागतात. नँडमध्ये मात्र C एकटाच आहे. त्याला पहिल्या पायरीवर गेटच नाही, त्यामुळे त्याचा उलटेपणा फिटत नाही. त्याला आधी स्वतंत्रपणे उलटं करावं लागतं. मग ३ गेट आणि ५ इनपुट होतात. म्हणजे इथे नँडमुळे खर्च वाढला. तो इन्व्हर्टर विसरलात, तर चूक लगेच ऐकू येते: बटण न दाबताही घंटा वाजत राहते. दुकान दिवसा बंद ठेवून तपासलं तरी वाजते. जाणकार माणूस यावर गेट न वाढवताच तोडगा काढतो. बटणाची जोडणीच अशी करतो की एरवी रोधामार्फत १ मिळावा आणि दाबल्यावर ०. मग C उलटाच येतो आणि खर्च परत २ गेट, ४ इनपुटवर येतो.

हातच्याकडे परत येऊ, कारण एक शंका तिथे उरली आहे. अँड-ऑरमध्येही ४ गेट आणि ९ इनपुट, नँडमध्येही तेवढीच. मग वाचलं काय? लॅमिंग्टन रोडवरून चिपा आणून जोडल्या, तर फारसं काही नाही. ७४०० मध्ये दोन इनपुटचे चार नँड असतात आणि ७४१० मध्ये तीन इनपुटचे तीन. दोन चिपा लागतात. अँडची ७४०८ आणि ऑरची ७४३२ घेतली तरी दोनच लागतात.

बचत चिपच्या पोटात आहे. आजच्या सीमॉस पद्धतीत ट्रान्झिस्टर स्वभावतःच उलटं करतो, त्यामुळे सरळ बनतो तो नँड. प्रत्येक इनपुटमागे दोन ट्रान्झिस्टर लागतात. अँड हवा असेल, तर नँड बनवून मागे इन्व्हर्टर जोडावा लागतो, म्हणजे आणखी दोन. ऑरचंही तेच. आता ९ इनपुटचं नँड सर्किट १८ ट्रान्झिस्टरमध्ये होतं. अँड-ऑरला तेच १८ आणि वर चार गेटांचे प्रत्येकी दोन, म्हणजे २६ लागतात. इनपुट मोजण्याची पद्धत इथे कामी येते: नुसते नँड आणि इन्व्हर्टर असतील, तर इनपुटची दुप्पट म्हणजेच ट्रान्झिस्टरची संख्या.

हाताशी फक्त ७४०० असेल, तर तीन इनपुटचा नँड दोन इनपुटच्या नँडमधून बनवावा लागतो. तिथे एकापुढे एक असे दोन नँड लावण्याचा मोह होतो. अँडच्या बाबतीत ते चालतं, नँडच्या बाबतीत नाही. मधे इन्व्हर्टर हवाच, म्हणून एकाच्या जागी तीन गेट होतात आणि सर्किट ६ नँडवर जातं. इन्व्हर्टर राहून गेला की नाही, हे ओळखायला तिन्ही इनपुट ० करा. दिवा विझलेला असायला हवा. चुकलेल्या सर्किटमध्ये तो पेटतो. ७४१० वापरताना दुसरी काळजी घ्यायची असते: रिकामा उरलेला तिसरा पाय १ ला बांधावा. तो चुकून जमिनीला, म्हणजे ० ला गेला, तर तो नँड कायम १ देतो आणि त्याचा गुणाकार गुपचूप नाहीसा होतो. AB चा गुणाकार असा गेला, तर आठपैकी सात जुळण्या बरोबर येतात आणि फक्त A, B एक व C शून्य असताना हातचा हरवतो. म्हणून दोन-तीन जुळण्या पाहून समाधान मानू नये, आठही तपासाव्यात.

शेवटी एसओपीच्या चौकटीचाही हिशेब करायला हवा. हातच्यासोबत त्या घरातला बेरजेचा अंकही काढायचा, तर नँडचं एसओपी सर्किट १२ गेट आणि २८ इनपुटवर जातं. पण दोन पायऱ्यांचा हट्ट सोडला आणि मधली उत्तरं दोन्ही कामांना वाटून दिली, तर तेच काम दोन इनपुटच्या ९ नँडमध्ये, १८ इनपुटवर होतं. ही जोडणी पाठ्यपुस्तकांतही आढळते. तिला वेळ जास्त लागतो असं सांगितलं जातं आणि एका घरापुरतं ते खरंही आहे: अंक आत गेल्यापासून हातचा निघेपर्यंत दोनऐवजी पाच गेट ओलांडावे लागतात. पण आठ घरं ओळीने जोडली की चित्र बदलतं. सगळ्या घरांतली सुरुवातीची तयारी एकाच वेळी होते, आणि पुढच्या प्रत्येक घरात आलेला हातचा दोनच गेट ओलांडून बाहेर पडतो, अगदी एसओपीसारखाच. आठव्या घरातून हातचा निघायला एका जोडणीत १६ गेटांचा वेळ लागतो, दुसरीत १९ गेटांचा. या तीन गेटांच्या उशिराच्या बदल्यात आठ घरांत मिळून २४ गेट आणि ८० इनपुट वाचतात.