व्हॉईस टायपिंगचा मजकूर साफ करा, पण माणूस पुसू नका

मागच्या व्हिडिओत आपण फोनचा माइक दाबून जाहिरातीचा मजकूर कसा बोलायचा ते पाहिलं. वेळ कमी होता, म्हणून बोलून झाल्यावर जो गोंधळ स्क्रीनवर उरतो त्याचं काय करायचं, ते राहून गेलं. आज तेवढंच बघू, आणि एकाच उदाहरणावर बघू.

माझ्या दुकानात घरगुती वाळवणाचा माल येतो. त्यातली कुरडई एका काकूंची असते. काकू नांदुऱ्याकडच्या, म्हणजे आपल्या घाटाखालच्या. व्हॉट्सअपवर टाकायला त्यांना चार ओळी हव्या होत्या. लिहायचा कंटाळा, पण बोलायला लागल्या की ऐकत बसावं असं बोलणं. मी म्हटलं, बोला. एका फोनवर व्हॉईस टायपिंग सुरू केलं आणि दुसऱ्या फोनवर साधं रेकॉर्डिंग. हा दुसरा फोन विसरू नका. का, ते पुढे कळेल.

फोनने हे लिहिलं:

> पहा बापू ते कुरडई म्हणजे ना कुरडई ला तीन दिवस लागते तीन दिवस भिजवतो आम्ही गहू रोजच पाणी रोज बदलतो पाणी नाही बदललं तर वास मारते आणि मग कुरडई आंबट होते चौथ्या रोजी वाटतो ठीक काढतो रात्रभर तसाच ठेवतो सकाळी वरच पाणी ओततो हळूच हळूच नाहीतर ठीक बी जाते संग रंग टाकत नाही सोडा टाकतो मीठ आणि हिंग बस पावाचे पाकीट 60 रुपये अर्धा किलो 110

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वेळी हे वाचून मला वाटलं, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, नवीनच लिहावं. मग मी बीबीएचं डोकं लावलं आणि लिहिलं: "आमच्याकडे उत्तम प्रतीच्या गव्हापासून पारंपरिक पद्धतीने तयार केलेल्या दर्जेदार कुरडया योग्य दरात उपलब्ध आहेत." काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाप्पू, हे तं बँकेच्या पाटीवानी झालं. माह्या गिऱ्हाईकाले वाटन का म्या दुकान इकलं."

बरोबर होतं त्यांचं. त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्या ओळखीवर घेतं, आणि माझ्या वाक्यात ती ओळखच नव्हती. तीन दिवस, रोजचं पाणी, रात्रभर ठेवलेला चीक, यातलं काहीच त्यात नव्हतं. ते वाक्य बुलढाण्यातल्या कोणत्याही दुकानाचं असू शकलं असतं. म्हणून परत कच्च्या मजकुराकडे आलो.

पहिल्या फेरीत फक्त ऐकण्याच्या चुका काढायच्या. भाषा सुधारायची नाही, वाक्यं तोडायची नाहीत. रेकॉर्डिंग लावायचं, बोट स्क्रीनवर ठेवायचं आणि शब्दाला शब्द जुळवायचा. त्याआधी कच्चा मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या नोटमध्ये कॉपी करून ठेवा, कारण दुरुस्त करता करता मूळ काय होतं ते हमखास विसरतं.

इथे "ठीक काढतो" सापडलं. काकू "चीक" म्हणाल्या होत्या. असा शब्द पटकन दिसतो, कारण वाक्य विचित्र लागतं. धोका असतो तो विचित्र न लागणाऱ्या चुकीत. "रंग टाकत नाही सोडा टाकतो" हे वाचायला अगदी सरळ आहे. रेकॉर्डिंगमध्ये काकू म्हणतात, "रंग टाकत नाई, सोडा टाकत नाई." दुसरं "नाई" त्या घाईत गिळून बोलल्या आणि फोनने त्याचा "टाकतो" केला. हा मजकूर तसाच गेला असता तर सोडा न घालणाऱ्या बाईने स्वतःच्या तोंडाने सोडा घालते असं सांगितलं असतं. तेव्हा प्रत्येक "नाही" आणि प्रत्येक आकडा रेकॉर्डिंग ऐकूनच पक्का करायचा, अंदाजाने नाही. दुसरा फोन त्यासाठीच.

याच फेरीत अनुस्वार बघा. "रोजच पाणी" आणि "रोजचं पाणी" यात अर्थाचा फरक आहे. "वरच पाणी" तर काही अर्थच देत नाही; "वरचं पाणी" म्हणजे चीक खाली बसल्यावर वर राहिलेलं निवळ पाणी. आणि सुटलेले प्रत्यय जोडा. "कुरडई ला", "घरा मध्ये", "चिखली हून" असं फोन बऱ्याचदा तोडून लिहितो. मराठीत ते शब्दाला चिकटून येतात. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण ती मोकळी जागा मजकूर मशीनचा आहे हे ओरडून सांगते.

दुसरी फेरी पूर्णविरामाची. मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे हात आपोआप क्रियापदाच्या मागे टिंब देतो. कच्च्या मजकुरात तसं करून बघा: "तीन दिवस लागते. तीन दिवस भिजवतो. आम्ही गहू रोजचं पाणी रोज बदलतो." बिघडलं ना? कारण बोलताना आपण क्रियापदावर थांबत नाही. महत्त्वाचं आधी बोलून टाकतो आणि राहिलेलं मागून जोडतो. "भिजवतो आम्ही गहू." "आला का तो?" "चीक बी जाते संग." "आम्ही गहू" हे मागच्या वाक्याचं शेपूट आहे, पुढच्याचं तोंड नाही. डोळ्यांनी वाचून हे कळत नाही, कानाने कळतं. रेकॉर्डिंगमध्ये काकू "गहू"वर आवाज खाली आणतात आणि श्वास घेतात. टिंब तिथे द्यायचं. श्वास छोटा असेल तर स्वल्पविराम.

आणि हे शेपूट सरळ करायचा मोह टाळा. "आम्ही तीन दिवस गहू भिजवतो" हे व्याकरणात बसतं, पण मग वाक्य "गहू भिजवतो"वर संपतं आणि "तीन दिवस"चा जोर मधेच हरवतो. काकूंना गव्हापेक्षा तीन दिवस सांगायचे होते, म्हणून तर त्या दोनदा बोलल्या.

मग दोनदा बोललेलं सगळं ठेवायचं का? नाही. "ते कुरडई म्हणजे ना कुरडईला" यात पहिली कुरडई म्हणजे बोलायला सुरुवात करताना घेतलेला धक्का आहे. गाडी सुरू झाली की धक्क्याचं काम संपलं, तो काढा. "हळूच हळूच" मात्र वेगळं आहे. ते बोलताना काकूंचा हात हवेत पातेलं तिरकं करत होता. भरभर ओतलं तर खाली बसलेला चीक हलतो आणि पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून हळूच. मी शब्द काढून वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणतो. काही हरवलं नाही तर तो गेला. काही हरवलं तर परत आणतो. "म्हणजे", "काय ते", "असं की" हे बहुतेक वेळा जातात. "ना", "च", "बरं का" यांच्यापाशी थांबून बघा, कारण "तिथंच" मधला च काढला की कधी कधी बोलणारा माणूसच निघून जातो.

आता बोलीचा प्रश्न. काकू "कुरडईले" म्हणाल्या आणि फोनने "कुरडई ला" केलं. "तं"चं "तर", "अन्"चं "आणि", "रातभर"चं "रात्रभर" केलं. फोन प्रमाण मराठीकडे ओढतो, हे त्याचं नेहमीचंच आहे. सगळं परत वऱ्हाडी करायचं का? हे मी ठरवत नाही, ज्याचं बोलणं आहे त्याला विचारतो. काही जणांना "मले, तुले" छापलेलं बघून अभिमान वाटतो, काहींना लाज वाटते, आणि दोघांचंही खरं असतं. काकूंचं अर्धं गिऱ्हाईक पुण्या-नाशिकला गेलेलं आहे. त्या म्हणाल्या, "कुरडईला लिही, पण आनी-बिनी नको करू."

त्यातून मला एक गोष्ट कळली. "ले"चं "ला" केलं, "मारते"चं "मारतो" केलं, तरी बोलण्याचा ठेका मोडत नाही, कारण शब्द तेवढाच राहतो. पण "अन्"चं "आणि" केलं, "संग"चं "त्याच्यासोबत" केलं की वाक्य लांबतं आणि घोडं अडखळतं. म्हणून शेवटचं अक्षर बदलायला मी फार घाबरत नाही, शब्दाची लांबी बदलायला घाबरतो. "केलं, बदललं, वरचं" हे बोलण्यातले अनुस्वार तसेच ठेवा. बोलण्यातला उच्चार दाखवायचा असेल तर ते शुद्धलेखनाच्या नियमांतही चालतात. फक्त एका ओळीत "बदललं" आणि दुसऱ्या ओळीत "पावाचे" असं मिसळू नका.

उलट चूकही होते. बोली गोड वाटते म्हणून लोक न बोललेले "बाप्पा", "व माय" वरून पेरतात. ते लगेच नाटकी वाटतं. आपल्या शेजारच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी तोंडी होती, घरच्यांनी ती ऐकून उतरवली आणि 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तक आलं. तेव्हा ती भाषा पुण्याची केली नाही, म्हणून आज आपल्याला ती बाई ऐकू येते.

किमतीच्या ओळीला मात्र हे लाड नाहीत. "पावाचे पाकीट" वाचून कोणी बेकरीचा पाव समजेल. किंमत, वजन, पत्ता, फोन नंबर साध्या प्रमाण मराठीत, वेगळ्या ओळीवर.

शेवटी हे झालं:

> कुरडईला तीन दिवस लागते. तीन दिवस भिजवतो आम्ही गहू, रोजचं पाणी रोज बदलतो. पाणी नाही बदललं तर वास मारतो अन् मग कुरडई आंबट होते. चौथ्या रोजी वाटतो, चीक काढतो, रातभर तसाच ठेवतो. सकाळी वरचं पाणी ओततो हळूच, हळूच, नाही तर चीक बी जाते संग. रंग टाकत नाही, सोडा टाकत नाही. मीठ अन् हिंग, बस.
>
> पाव किलो: 60 रुपये
> अर्धा किलो: 110 रुपये

"तीन दिवस लागते" मी "लागतात" केलं होतं. काकूंनी मोठ्याने वाचलं तेव्हा तिथे अडखळल्या आणि सवयीने "लागते"च म्हणाल्या, म्हणून परत फिरवलं. ही तपासणी दर वेळी करा: मजकूर ज्याचा आहे त्यालाच मोठ्याने वाचायला द्या आणि तुम्ही कागद बघत बसा. तो जिथे अडखळेल किंवा न बघता वेगळंच बोलेल, तिथे तुमचा हात जास्त फिरलाय. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा आणि त्याचा चेहरा बघा.

एका मिनिटाच्या बोलण्याला मला या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं लागतात. गिरणीत किंवा बाजारात बोललेलं असेल तर त्याहून जास्त, आणि कधी कधी फोनने इतकं चुकीचं ऐकलेलं असतं की रेकॉर्डिंगवरून हातानेच उतरवणं परवडतं. अर्ध्याहून जास्त शब्द बदलावे लागत असतील तर कच्चा मजकूर सोडून द्या आणि शांत खोलीत पुन्हा बोलायला लावा. फक्त "मघाचं परत सांगा" असं म्हणू नका, माणूस पाठ म्हटल्यासारखं बोलतो. काकूंना मी विचारलं होतं, "घाईत पाणी ओतलं तर काय होते?" आणि "हळूच, हळूच" तिथून आलं.