मंगळवार, सव्वा अकराची वेळ

एप्रिल उजाडला की बऱ्याच कचेऱ्यांमध्ये एक सूचना फिरते: वार्षिक अप्रेझलच्या चर्चा अमुक तारखांना होतील, सोबत वेळांची यादी आणि तयारीचा फॉर्म जोडला आहे, वेळ बदलायची असल्यास नियम शेवटी पाहावेत. बहुतेक जण यादीत आपलं नाव शोधतात आणि मेल बंद करतात. फॉर्म आदल्या रात्री भरला जातो, आणि शेवटचे नियम फारसं कुणी वाचत नाही. घोटाळा मात्र बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा खरेदी विभाग डोळ्यांसमोर आणा. माणसं १४ आणि विभागप्रमुख एक. मार्चअखेर सगळे स्टॉक मोजणीत अडकलेले असतात आणि १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. त्यामुळे २०२६ साली चर्चेला सोयीचा पहिला आठवडा निघतो तो सोमवार २० एप्रिलपासूनचा. एका चर्चेला ४५ मिनिटं लागतात. नंतरची १५ मिनिटंही मोकळी ठेवावी लागतात, कारण प्रमुखाने टिपणं तेव्हाच लिहिली नाहीत तर संध्याकाळपर्यंत कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते. पीओवरच्या सह्या आणि व्हेंडरचे फोन काही थांबत नाहीत, म्हणून दिवसाला चारांहून जास्त चर्चा ठेवल्या तर शेवटच्या माणसाच्या वाट्याला थकलेला साहेब येतो. चार दिवसांच्या १६ वेळांमध्ये १४ माणसं बसतात आणि गुरुवारी दुपारच्या दोन वेळा उरतात. त्या राखीव. पुढे त्यांचाच आधार होतो.

आता फॉर्म. त्याचा पहिला रकाना असावा तो गेल्या एप्रिलमध्ये ठरलेल्या केआरएंचा, आणि तो एचआरने आधीच भरून द्यावा. कोऱ्या रकान्यात माणूस जे आठवतं ते लिहितो, आणि आठवतात ते फेब्रुवारी-मार्च. समजा कास्टिंगची खरेदी पाहणाऱ्याने लिहिलं, ‘सर्व माल वेळेवर आणला.’ यावर चर्चा होणार तरी कशाची? त्याऐवजी त्याने असं लिहिलं: ‘जूनमध्ये एका व्हेंडरचा माल सलग तीनदा उशिरा आला, लाइन थांबू नये म्हणून दुसऱ्याकडून जास्त दराने घेतला, ऑक्टोबरपासून दोघांत ऑर्डर विभागली आणि त्यानंतर उशीर झाला नाही.’ आता समोरच्याला विचारता येतं की दुसरा व्हेंडर जूनपर्यंत का शोधला नव्हता. प्रश्न अडचणीचा आहे, पण तो कामाबद्दलचा आहे. फॉर्ममध्ये ‘कोणती मदत मिळाली नाही’ असाही रकाना हवा. तो नसेल तर चर्चा एकाच बाजूने चालते.

पगारवाढीचा विषय या बैठकीत निघणार की नाही, हे सूचनेत एका वाक्यात सांगून टाकावं. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत मेयर, के आणि फ्रेंच या संशोधकांनी अशाच बैठकांचा अभ्यास केला आणि १९६५ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत तो छापला. टीका झाली की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, आणि ज्या बाबींवर सर्वांत जास्त टीका झाली त्यांत पुढे सुधारणाही कमीच दिसते, असं त्यांना आढळलं. पगाराची बैठक वेगळी आणि काम सुधारण्याची वेगळी असावी, हा त्यांचा सल्ला. आपल्याकडे दोन्ही एकाच पाऊण तासात उरकायची पद्धत फार. मग समोरच्याचं अर्धं लक्ष टक्केवारीकडेच असतं.

फॉर्म देण्याची तारीख सगळ्यांना एकच असावी. ही बाब किरकोळ वाटते. बऱ्याच सूचनांत मात्र ‘चर्चेच्या तीन दिवस आधी फॉर्म द्यावा’ असं लिहिलेलं असतं. मग गुरुवारच्या माणसाने सोमवारची वेळ घेतली की त्याची मुदत त्याच क्षणी उलटून गेलेली असते, आणि प्रमुख फॉर्म न वाचताच चर्चेला बसतो. आपल्या खरेदी विभागात सर्वांसाठी बुधवार १५ एप्रिल ही एकच तारीख ठेवली, तर कुणी कितीही अदलाबदल केली तरी फॉर्म वेळेत हातात असतो.

अदलाबदल बिघडते ती अशी. कास्टिंगवाल्याची वेळ मंगळवारी सव्वा अकराची, पण त्याला त्याच दिवशी व्हेंडरकडे जायचं आहे. पॅकिंगची खरेदी पाहणाऱ्या बाईंची वेळ गुरुवारी दहाची. दोघं कँटीनमध्ये बोलून वेळा बदलतात. मंगळवार आपल्यालाही जमत नाही हे बाईंच्या नंतर लक्षात येतं, म्हणून त्या आयात पाहणाऱ्याची बुधवारची अडीचची वेळ घेतात आणि आपली त्याला देतात. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे. मग कास्टिंगवाल्याची व्हेंडरभेट रद्द होते. तो बाईंना सांगतो, ‘मॅडम, राहू दे, मी माझ्या जुन्या वेळेलाच जातो.’ आपल्याला आता बुधवार मिळालाच आहे, म्हणून बाई ‘बरं’ म्हणतात. मंगळवारी सव्वा अकराला केबिनबाहेर दोघं उभे असतात आणि गुरुवारी दहाला कुणीच येत नाही. खोटं कुणीच बोललेलं नसतं. आपली म्हणून सोडलेली वेळ तेव्हा आपली उरलेली नव्हती, एवढंच.

हे टाळायला तीन नियम पुरतात. पहिला, यादी एकाच माणसाकडे असेल आणि त्याने तीत नोंद करेपर्यंत बदल झाला असं धरलं जाणार नाही. दोघांनीही त्याला स्वतंत्रपणे लेखी कळवायचं. दुसरा, झालेला बदल ‘रद्द’ होत नाही. परत फिरायचं असेल तर तोही नवा बदल, त्याच रीतीने. तिसरा, शुक्रवार १७ तारखेला चारनंतर आपापसांतला बदल बंद. त्यानंतर अडचण आली तर फक्त राखीव वेळ. यादीवर प्रत्येक वेळी तारीख आणि तास छापावा, नाहीतर भिंतीवर जुनी आणि मेलमध्ये नवी अशा दोन याद्या फिरत राहतात.

काही वेळा मुळात बदलता येण्याजोग्या नसतात. वरच्या पातळीवरचे समीक्षक किंवा एचआरची व्यक्ती ठरावीक दिवशीच बसणार असेल, तर त्या वेळा यादीत ठळक छापाव्यात. बदलाचं कारण मात्र विचारू नये. दवाखान्याची तारीख सगळ्या विभागाला कळायचं कारण नाही. ‘जरा अ‍ॅडजस्ट कर’ असं सीनिअरने नव्या पोराला सांगितलं तर तो नाही म्हणू शकत नाही, म्हणून ज्याला बदल हवा त्याने आधी राखीव वेळच मागावी.

चर्चेनंतर काय, हेही त्याच सूचनेत यावं: प्रमुखाने लिहिलेला शेरा माणसाला वाचायला मिळणार का आणि किती दिवसांत. सरकारी नोकरीत बराच काळ फक्त प्रतिकूल शेरे कळवण्याची रीत होती. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले देव दत्त यांच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असं लिहिलेलं होतं. शब्द वाईट नव्हता, पण बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होतं, आणि तो शेरा त्यांना कळवलाच गेला नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात सांगितलं की प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, वाजवी मुदतीत कळवला पाहिजे. तो निकाल सरकारी सेवांबद्दलचा आहे, खासगी कंपनीला तो तसाच लागू होत नाही. पण ‘चर्चेनंतर पाच कामाच्या दिवसांत शेऱ्याची प्रत मिळेल, मत वेगळं असल्यास ते त्याच कागदावर लिहावं’ एवढं छापायला कुणाची हरकत नसावी.

आणि या सगळ्या नियमांतून एक माणूस नेहमी सुटतो, तो म्हणजे विभागप्रमुख. अचानक प्लांटहेडची मीटिंग लागते, दोन चर्चा पुढे ढकलल्या जातात, आणि मग त्या मे महिन्यात, रेटिंग वर गेल्यानंतर, कशातरी उरकल्या जातात. म्हणून सूचनेत त्याच्यासाठीही एक ओळ हवी: प्रमुखामुळे चर्चा रद्द झाली तर त्याच आठवड्यात पर्यायी वेळ देण्यात येईल, आणि ती होईपर्यंत त्या व्यक्तीचं रेटिंग एचआरकडे पाठवलं जाणार नाही.