ठिबकच्या व्हिडिओखाली काय लिहावं?

बोअरचं पाणी जड असेल तर हंगाम-दोन हंगामांत ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. नळीच्या सुरुवातीला ओल दिसते, शेवटच्या टोकाला सरी कोरडी राहते. यावरचा उपाय म्हणजे अ‍ॅसिड प्रक्रिया. ती आपल्या शेतात करून दाखवणारे शेतकरी आता बरेच आहेत आणि त्यांचे व्हिडिओही चांगले असतात. पण व्हिडिओच्या खालच्या चौकटीत, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये, बहुतेक वेळा ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो, चॅनेलवर आपलं स्वागत’ एवढंच असतं. त्याखाली ‘लाइक करा, शेअर करा’.

या चौकटीत पाच हजार अक्षरं मावतात. मात्र बघणाऱ्याला आधी वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’वर बोट टेकवल्याशिवाय उघडत नाही. म्हणून स्वागत तिथे नको. अडचण काय, पीक कोणतं आणि उपाय कोणता, हे पहिल्या ओळीत यावं. विषय अ‍ॅसिडचा असेल तर दुसरी ओळ सावधगिरीचीच हवी, कारण पुष्कळ लोक व्हिडिओ अर्धवट पाहून कामाला लागतात.

```
ठिबक सिंचन अ‍ॅसिड प्रक्रिया: उसाच्या ठिबकचे ड्रीपर चोकअप झाले तर नळी कशी साफ करावी
अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओता, अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतू नका. हातमोजे व चष्मा वापरा.
```

पहिल्या ओळीतले शब्द मुद्दाम निवडलेले आहेत. पुस्तकात ‘सूक्ष्म सिंचन संच देखभाल’ असं असतं. शिवारात लोक ‘ड्रीप चोक झालंय’ म्हणतात आणि शोधतानाही तेच लिहितात. ‘ठिबक’, ‘ड्रीप’, ‘ड्रिप’, ‘लॅटरल’, ‘इनलाइन नळी’ असे सगळे शब्द वापरात आहेत. शिवाय कितीतरी जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात: `thibak sinchan`, `drip acid treatment marathi`. तेव्हा हे शब्दही चौकटीत यायला हवेत, पण वाक्यात बसवून. नुसत्या शब्दांची लांबलचक माळ लावणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. टॅगसाठी वेगळा रकाना असतो. त्याचा शोधात फारसा वाटा नसतो असं यूट्यूब स्वतःच सांगतं, तो मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगसाठी कामाचा. हॅशटॅग दोन-तीन पुरेत आणि त्यात मोकळी जागा सोडायची नाही: `#ठिबकसिंचन`, `#ऊसशेती`.

यापुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो आहे हिशेबाचा. व्हिडिओत बोललेला आकडा कानावरून निघून जातो आणि चुकीचा लक्षात राहिला तर नुकसान होतं. ‘एकरी दोन लिटर अ‍ॅसिड’ एवढंच ऐकून दुसरा शेतकरी तेवढंच ओतेल, पण त्याच्या पाण्यातले क्षार वेगळे असतील. म्हणून आकड्यासोबत तो कसा काढला हेही लिहून ठेवावं.

उदाहरणार्थ, एक एकर ऊस आहे, नळ्यांतलं अंतर पाच फूट, ड्रीपर ४० सेंटिमीटरवर आणि ताशी दोन लिटरचे. एकरात साधारण ६,६०० ड्रीपर बसतात, म्हणजे तासाला सुमारे १३,२०० लिटर पाणी आणि पंधरा मिनिटांत ३,३००. आता त्याच बोअरचं दहा लिटर पाणी बादलीत घ्यायचं आणि सिरिंजने थोडं थोडं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकत सामू दर्शवणारा पीएच कागद बुडवून बघायचा. सामू चारवर आला की थांबायचं. समजा सहा मिलिलिटर लागलं, तर ३,३०० लिटरला सुमारे दोन लिटर अ‍ॅसिड झालं. हा आकडा या बोअरचा, शेजाऱ्याच्या बोअरचा वेगळा निघेल.

हे अ‍ॅसिड प्लास्टिकच्या टाकीत पाण्यात मिसळून व्हेंच्युरीतून पंधरा मिनिटांत सोडायचं. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचाही सामू चार दाखवला म्हणजे ते टोकापर्यंत पोहोचलं. मग संच चोवीस तास बंद ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी आधी सबमेन, नंतर नळ्यांची टोकं उघडून साफ पाणी येईपर्यंत धुवायचं. थर पांढरा असेल आणि अ‍ॅसिडचा थेंब पडताच फसफसत असेल तरच हा उपाय लागू पडतो. हिरवट, बुळबुळीत थर शेवाळाचा असतो, त्याला क्लोरीन लागतं. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी वायू तयार होतो, हेही चौकटीत स्वतंत्र ओळीत लिहावंच.

हिशेब बघायला लोक परत येतात तेव्हा त्यांना नेमकी जागा सापडावी म्हणून वेळा द्याव्यात. पहिली वेळ शून्यापासून हवी, किमान तीन टप्पे हवेत आणि प्रत्येक टप्पा दहा सेकंदांपेक्षा लहान नको. मग व्हिडिओची पट्टी आपोआप तुकड्यांत विभागली जाते. वेळा इंग्रजी अंकांतच लिहाव्यात.

```
0:00 ड्रीपर चोकअप कसा ओळखावा
1:40 बादलीतली सामू चाचणी
4:15 अ‍ॅसिड किती लागेल: हिशेब
7:30 व्हेंच्युरीतून सोडणे
9:50 नळ्या धुणे
```

आता लिंका. पत्ता `https://`पासून पूर्ण लिहिला तरच तो दाबता येतो. नव्या चॅनेलला त्यासाठी यूट्यूबकडे आधी ओळख पटवावी लागते. शॉर्ट्सच्या खाली दिलेल्या लिंका तर २०२३ पासून दाबताच येत नाहीत, म्हणून लिंका मोठ्या व्हिडिओखाली द्याव्यात. अनुदानाबद्दल लिहायचं तर महाडीबीटीच्या मुख्य पानाचाच पत्ता द्यावा, आतली पानं बदलत राहतात. राज्यात केंद्राच्या अनुदानाला राज्याची पूरक भर मिळून अल्प व अत्यल्पभूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान ठरलेलं आहे. ते खरेदीच्या बिलावर नसून शासनाने ठरवलेल्या खर्चावर असतं, हे वाक्य जोडलं नाही तर पुढे वाद होतात. ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्या खाजगी एजंटांच्या लिंका आणि पत्ता लपवणाऱ्या आखूड लिंका अजिबात देऊ नयेत. आपल्या नावावर विश्वास ठेवून कुणीतरी त्यावर आधार क्रमांक टाकतो.

संपर्कासाठी घरचा नंबर देऊ नका. वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा आणि पुढच्या ओळींत द्या. लिंकमध्ये देशाचा क्रमांक लावायचा, पण अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा चालत नाही.

```
व्हॉट्सअ‍ॅप (फक्त मेसेज, सायंकाळी 7 ते 8): https://wa.me/91XXXXXXXXXX
गाव, तालुका, जिल्हा
अनुदान अर्ज: https://mahadbt.maharashtra.gov.in
किसान कॉल सेंटर: 1800-180-1551
```

गाव आणि तालुका पुरे, गट क्रमांक नको. प्रश्न विचारणाऱ्याने पाण्याचा स्रोत, पीक आणि ड्रीपरचा फोटो पाठवावा, असं आधीच लिहिलं तर निम्मी विचारपूस वाचते. ‘आम्ही अनुदानासाठी पैसे किंवा ओटीपी मागत नाही’ ही ओळही असू द्या, कारण नावाजलेल्या चॅनेलच्या नावाने फोन करणारे भामटे असतात.

डिस्क्रिप्शन नंतर केव्हाही बदलता येतं, आणि ते बदलायला आधार यूट्यूब स्टुडिओत मिळतो. तिथे प्रेक्षक कुठून आले हे बघताना शोधातून आलेल्यांनी कोणते शब्द टाकले, त्यांची यादी उघडते. त्यात ‘ठिबक मध्ये कचरा’ किंवा ‘ड्रीप पाणी कमी येते’ असे शब्द वारंवार दिसले आणि व्हिडिओत त्याचं उत्तर असेल, तर तेच शब्द वरच्या दोन ओळींत घ्यावेत. उत्तर नसेल तर शब्द घेऊ नयेत, पुढचा व्हिडिओ त्यावर करावा आणि त्याची लिंक इथे जोडावी.