९५ टक्के नेमके कशाचे?

अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या ॲस्पिरिन-चाचणीचा अंतिम अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाआड ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याची सापेक्ष जोखीम ०.५६ आढळली, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा धोका ४४ टक्क्यांनी कमी. सोबत ९५ टक्के विश्वास अंतराल दिले होते: ०.४५ ते ०.७०.

अशा अंतरालाबद्दल शोधनिबंधांच्या चर्चा विभागात हमखास एक वाक्य येते: ‘खरी जोखीम या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.’ वाक्य सरळ वाटते, पण चुकीचे आहे. खरी जोखीम आपल्याला माहीत नसली तरी तिची किंमत ठरलेली असते. ती हलत नाही. हलते ते अंतराल. योगायोगाने दुसरे डॉक्टर चाचणीत आले असते, तर दोन्ही टोके थोडी वेगळी निघाली असती. येर्झी नेमान यांनी १९३७ मध्ये ही कल्पना तपशिलाने मांडली, तेव्हा ९५ टक्के हा आकडा त्यांनी अंतराल काढण्याच्या रीतीला लावला होता. तीच चाचणी त्याच रीतीने असंख्य वेळा केली, तर निघणाऱ्या अंतरालांपैकी सुमारे ९५ टक्के खऱ्या किमतीला सामावून घेतील. हाती असलेले एकटे अंतराल त्यांपैकी आहे की उरलेल्या पाचांतले, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. एका अंतरालाबद्दल शक्यता सांगायचीच असेल, तर बेझच्या पद्धतीने आधीचे अनुमानही गणितात घ्यावे लागते.

‘पुन्हा चाचणी केल्यास ९५ टक्के वेळा उत्तर याच पट्ट्यात येईल’, हेही खरे नाही. नव्या चाचणीच्या उत्तरातही योगायोगाचा वाटा असतो. तेवढ्याच आकाराच्या चाचणीचे उत्तर पहिल्या अंतरालात येण्याचे प्रमाण सरासरी ८३ टक्क्यांच्या आसपास भरते.

त्याहून घातक चूक याच अहवालातल्या दुसऱ्या आकड्यावर करून पाहता येते. पक्षाघाताची सापेक्ष जोखीम १.२२ होती आणि अंतराल ०.९३ ते १.६०. त्यात १ येतो, म्हणजे फरक नसण्याची किंमत येते. तेवढ्यावरून ‘ॲस्पिरिनने पक्षाघाताच्या धोक्यात फरक पडत नाही’ असे लिहिणे सोपे. पण त्याच पट्ट्यात ६० टक्के वाढही बसते. चर्चेत लिहायचे ते असे: ‘पक्षाघाताच्या जोखमीचा अंदाज १.२२ आहे (९५ टक्के विश्वास अंतराल ०.९३ ते १.६०). जोखमीत ७ टक्के घट ते ६० टक्के वाढ, यांतल्या कोणत्याही परिणामाशी ही माहिती सुसंगत आहे. त्यामुळे धोका वाढतो की नाही, याचा निर्णय या चाचणीवरून करता येत नाही.’

हे अंतराल फक्त योगायोगाची चूक मोजते. निरोगी पुरुष डॉक्टरांवरचा निष्कर्ष स्त्रियांना किंवा आजारी माणसांना कितपत लागू पडतो, याचे उत्तर ०.९३ आणि १.६० यांच्यामध्ये कुठेच नसते. त्यासाठी चर्चेत वेगळा परिच्छेद लागतो.