बाकीची साक्ष : समीकरणांच्या उत्तराची क्रमशः सुधारणा

गणकयंत्र प्रत्येक संख्या ठरावीक सार्थ अंकांतच साठविते. त्यामुळे एकघाती समीकरणे सोडविताना पायरीपायरीला अल्पशी काटछाट होते. ती दूर करण्याची एक रीत जे. एच. विल्किन्सन यांनी इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९४८ साली मांडली. तिचे मर्म एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

७क्ष + ६य = ३३
४क्ष + ३.५य = १९

यांचे खरे उत्तर क्ष = ३, य = २ असे आहे. आता प्रत्येक क्रियेचे फल तीन सार्थ अंकांत मांडू. पहिल्या समीकरणास ४/७, म्हणजे ०.५७१ ने गुणून दुसऱ्यातून वजा केल्यास ०.०७य = ०.२ एवढेच उरते. त्यावरून य = २.८६ आणि क्ष = २.२६ मिळतात. चूक मोठी आहे. पण ताळा तीनच अंकांत केला, तर दोन्ही बाक्या शून्य येतात आणि उत्तर निर्दोष भासते. तोच ताळा सहा अंकांत केला, की बाक्या ०.०२ आणि −०.०५ अशा प्रकट होतात. जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत दडलेली माहिती अधिक अंकांमुळे वाचते.

या बाक्या उजव्या बाजूस ठेवून तीच समीकरणे पुन्हा तीन अंकांतच सोडवावयाची. गुणक ०.५७१ आणि ०.०७ तयारच असल्याने श्रम थोडे पडतात. दुरुस्ती ०.७५४ आणि −०.८७७ येते, नवे उत्तर ३.०१ आणि १.९८. पुन्हा सहा अंकांत बाक्या काढल्यास ०.०५ आणि ०.०३ मिळतात, दुरुस्ती −०.०१ आणि ०.०२ येते, आणि उत्तर ३.०० व २.०० वर स्थिरावते. बाक्या लहान झाल्या नाहीत, तरी उत्तर सुधारले, हे ध्यानी घ्यावे. प्रगतीची खूण बाकीत नसून दुरुस्तीच्या घटत्या आकारात असते. दुरुस्त्या झपाट्याने घटत नसतील, तर समीकरणे त्या अंकसंख्येस झेपणारी नाहीत असे समजून थांबावे. येथे संवेदनांक सुमारे २८६ आहे. तीन अंकांच्या गणितात तो १००० च्या जवळ वा पुढे गेला असता, तर ही रीत बहुधा निष्फळ ठरली असती.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. समजा, १९ हा आकडा मोजमापातून आला असून खरा आकडा १९.०५ आहे. मग खरे उत्तरच २.४ आणि २.७ होते! आपली सुधारणा मात्र निष्ठेने ३ आणि २ कडेच नेईल. ही रीत गणनेतील काटछाट धुऊन काढते, दत्त आकड्यांतील अनिश्चितता नव्हे. म्हणून सहगुणक व उजव्या बाजू जेथे नेमक्या ठाऊक आहेत, तेथेच वाढलेले अंक खरे मानावेत.