मुंबईची 39 मिनिटे

1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, तेव्हा वेळेचा तंटा नव्हता. दोन्ही गावांच्या सूर्यात जेमतेम काही सेकंदांचा फरक. पण रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटे, या हिशेबाने मुंबई आणि कलकत्त्यात तासाहून थोडा जास्त फरक पडतो. 1870 मध्ये जबलपूरला जीआयपीचे आणि ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ जुळले आणि हा फरक वेळापत्रकात शिरला. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या कुठे थांबवायच्या हे ठरवायचे, तर सगळ्या स्टेशनमास्तरांचे घड्याळ एकच हवे.

रेल्वेने मद्रासची वेळ घेतली. तिथे वेधशाळा होती आणि तारेने वेळ कळवण्याची सोय होती. शिवाय मद्रास मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे आणि कलकत्त्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे, म्हणजे दोघांनाही सारखाच त्रास! वेळापत्रकात 10 ची गाडी असेल, तर मुंबईकराने आपल्या घड्याळात साडेनऊलाच फलाटावर असावे. हा हिशेब लोकांनी पचवला, कारण तो स्टेशनापुरता होता.

1881 साली मुंबई सरकारने हीच वेळ शहरावर लादायचा प्रयत्न केला. लोक बिथरले आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. माझ्या मते इथेच खरी गोम आहे: गाडीची वेळ कुणाची का असेना, कामाला कधी लागायचे हे दुसऱ्याच्या घड्याळाने ठरू लागले की माणूस भांडायला उठतो.

पुढची खेप 1906 ची. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेला स्टँडर्ड टाइम रेल्वेने आदल्याच वर्षी घेतला होता. 1 जानेवारीला तो सरकारी कारभारात आला. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे, त्यामुळे घड्याळ 39 मिनिटे पुढे ढकलावे लागले. नव्या वेळेने सहाला कामावर हजर व्हायचे, म्हणजे जुन्या वेळेने 5 वाजून 21 मिनिटांनी. पोटासाठी भोंग्यावर धावणाऱ्याला हा फरक अंधारात मोजावा लागे. गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि महापालिकेने तर मुंबई टाइमच चालू ठेवला.

विरोधक मुंबई टाइमला सूर्याची वेळ म्हणत, पण तेही तितकेसे खरे नव्हते. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि तिचा आस कललेला, म्हणून सावलीचे घड्याळ वर्षभर एका चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात ते सुमारे 14 मिनिटे मागे पडते, नोव्हेंबरच्या आरंभी 16 मिनिटे पुढे जाते. मुंबई टाइम ही त्याची वर्षभराची सरासरी होती. थोडक्यात, सूर्य घड्याळातून आधीच थोडा बाजूला सारलेला होता. रेल्वेने त्याला आणखी 39 मिनिटे सरकवले.

तरी शहर सहजासहजी नमले नाही. कलकत्त्याने 1948 मध्ये आपली वेळ सोडली. मुंबईत मात्र एका घड्याळात एक वेळ आणि दुसऱ्यात वेगळी, हा कारभार 1955 पर्यंत चालला. तोवर भेटीची वेळ ठरवताना मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम, हे विचारून घ्यावे लागे.