आठ बाइटचा अडसर

व्हीपीएन जोडलेलं आहे, पिंगला उत्तर येतंय, गूगल उघडतंय. पण बँकेचं पान काही केल्या येत नाही. फायरफॉक्सच्या तळाशी `Performing a TLS handshake` एवढंच दिसत राहतं. व्हीपीएन बंद केलं की तेच पान झटक्यात उघडतं. मग ब्राउझरची कॅश पुसून होते, राउटर बंद-चालू करून होतो. अडचण असते पॅकेटच्या आकाराची.

नेहमीच्या इथरनेटवर एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं असतं. ही मर्यादा म्हणजे एमटीयू. वायरगार्ड हे व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टण चढवतं. ते आयपीव्ही६वरून जात असेल तर ८० बाइटचं. म्हणून आतल्या पॅकेटला तिथे बहुधा १४२० ची मर्यादा ठरवलेली असते. हिशेब चोख आहे, पण घरी पीपीपीओई पद्धतीची फायबर जोडणी असली की तो फसतो. पीपीपीओई आठ बाइट स्वतःसाठी घेतं आणि उरतात १४९२. संगणकाला मात्र राउटरपर्यंतचे १५००च दिसतात.

बँकेच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र काही हजार बाइटचं असू शकतं, त्यामुळे ते भरगच्च पॅकेटांतून येतं. व्हीपीएन सर्व्हर त्यांना वेष्टण घालतो, पॅकेट १५०० चं होतं आणि इंटरनेट कंपनीच्या टोकाला अडतं. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट फार मोठं’ असा आयसीएमपी निरोप धाडतो. कुणी अतिदक्ष प्रशासकाने फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असेल, तर हा निरोप पोहोचतच नाही. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. पिंगची पॅकेटं चिमुकली, ती सुखरूप जातात. गूगलसारख्या साइट्स अनेकदा क्विक वापरतात. ते साधारण १२०० बाइटपासून सुरुवात करून वाट चाचपतं, म्हणून तिथे काही बिघडल्याचं जाणवत नाही.

खरा आकडा शोधायला व्हीपीएन बंद करून विंडोजवर पिंग द्यावा. `-f` म्हणजे तुकडे करू नका. पत्त्याच्या जागी पिंगला उत्तर देणारा आपला व्हीपीएन सर्व्हर घालावा.

```
ping -f -l 1472 vpn.example.com
ping -f -l 1464 vpn.example.com
```

पहिल्याला `Packet needs to be fragmented but DF set` आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर आकडा कमी करत जावा. इथे १४६४ ला उत्तर आलं आणि १४६५ ला नाही, असं धरू. पिंगच्या हेडरचे २८ मिळवले की १४९२. त्यातून वेष्टणाचे ८० वजा केले की १४१२. वायरगार्डच्या `[Interface]` विभागात ही ओळ घालून व्हीपीएन पुन्हा जोडावं:

```
MTU = 1412
```

टीसीपी जोडणी होतानाच संगणक समोरच्याला आपली मर्यादा कळवतो, तरी घरच्या संगणकावर एवढं करून भागेलच असं नाही. यूडीपीवर तसा निरोप नसतो. वेबपान किंवा व्हिडिओ कॉल तरीही अडकत असेल, तर ऑफिसच्या माणसाला व्हीपीएन सर्व्हरवरही हाच आकडा घालायला सांगावं.